चवदार तळ्यापासून एमआयडीसीच्या गेटपर्यंत : एका स्क्रीनशॉटचा हिशेब

दरवर्षी २० मार्चला आम्ही चवदार तळ्यावर जातो. तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर, भाषणात आणि आता व्हॉट्सॲपवर एक वाक्य हमखास ऐकू येते : आठ तासांचा दिवस बाबासाहेबांनी दिला. तळ्यावरून निघून बिरवाडीच्या बाजूला गेले की महाड औद्योगिक वसाहतीची गेटे लागतात. त्या गेटांमधून आमचीच भावंडे सोळा-सोळा तासांनी बाहेर पडतात. वाक्य आणि गेट यांच्यातले हे अंतर किती, हे आम्ही एकदा रुपयांत मोजून पाहिले. ते कसे मोजले ते इथे लिहीत आहोत.

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट आहे. एका केमिकल कारखान्यात कंत्राटावर असलेल्या एका दादाने आम्हाला मोबाईलवर एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यांच्या प्लांटचा शिफ्टचा तक्ता. डावीकडे नावे, वर तारखा आणि मधल्या चौकटींत अक्षरे. A म्हणजे सकाळी ७ ते दुपारी ३, B म्हणजे ३ ते रात्री ११, C म्हणजे ११ ते सकाळी ७. WO म्हणजे आठवड्याची सुट्टी, L म्हणजे रजा. काही चौकटींत AB होते. त्याला सगळे 'डबल मारली' म्हणतात. दादाचा प्रश्न साधा होता : "या महिन्यात माझ्या दोन डबल झाल्या. पगारात ६४० रुपये जास्त आले. बरोबर आहे का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमच्यातले दोघे पदवीधर, एक एमएसडब्ल्यू. राज्यघटनेची कलमे तोंडपाठ, पण हा तक्ता वाचता येईना. मग बसलो आणि शिकलो.

आधी तक्त्याबद्दल. सुपरवायझर ग्रुपवर टाकतो तो फोटो पुढे जाता जाता पुसट होतो. पुसट फोटोत B आणि 8 सारखे दिसतात, C आणि G सारखे दिसतात. म्हणून आम्ही मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली. दुसरी काळजी माणसाची. स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव आणि वेळ दिसते. तो कोणाच्या फोनवरून बाहेर पडला हे त्यावरून ओळखता येते आणि कंत्राटी माणसाचे गेट बंद व्हायला तेवढे कारण पुरते. आम्ही ती पट्टी कापली, नावे झाकली आणि माणसांना ओळ क्रमांक दिले. या लेखातही ते ओळीच्या क्रमांकानेच येतील.

मग प्रत्येक अक्षर कागदावर उतरवले आणि दोन बाजूंनी तपासले. आडवी ओळ मोजायची : ऑक्टोबरचे ३१ दिवस, तर प्रत्येक माणसाच्या ३१ चौकटी भरल्या पाहिजेत. उभा रकाना मोजायचा : त्या प्लांटला प्रत्येक पाळीत चार माणसे लागतात, तर प्रत्येक तारखेखाली A, B आणि C प्रत्येकी चार वेळा आले पाहिजेत. AB लिहिले असेल तर तो माणूस दोन्हीकडे मोजायचा. आकडा जुळला नाही तर एक तर आपण चुकीचे वाचले, नाही तर तक्ता खरे सांगत नाही. हा उभा रकाना पुढे फार कामाला आला.

आता कायदा. त्या महिन्याला लागू होता तो १९४८ चा कारखाने अधिनियम. त्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले, की त्या जास्तीच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी. कामगार कंपनीचा की कंत्राटदाराचा, हा फरक इथे नाही, कारण कायद्यातल्या 'कामगार' या शब्दात कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही येतो. त्या कारखान्यात मात्र कायम कामगाराच्या डबलला दुप्पट दर होता आणि कंत्राटी माणसाच्या डबलला 'एक जास्तीची हजेरी'. एकाच मशीनवर, एकाच रात्री.

दिवसाचा हिशेब आणि आठवड्याचा हिशेब, दोन्ही करायचे आणि जो मोठा येईल तो धरायचा. तेच तास दोनदा मोजायचे नाहीत. गुगल शीटमध्ये रविवार ते शनिवार असे सात दिवसांचे तास B2 ते H2 मध्ये लिहिले की एवढे सूत्र पुरते :

```
=MAX(SUM(B2:H2)-48, SUMPRODUCT((B2:H2>9)*(B2:H2-9)), 0)
```

पहिला भाग आठवड्याचे ४८ च्या वरचे तास देतो. दुसरा भाग प्रत्येक दिवसाचे ९ च्या वरचे तास गोळा करतो. शेवटचे शून्य एवढ्यासाठी, की कमी काम झालेल्या आठवड्याचा आकडा उणे येऊ नये.

आठवडा रविवारपासून का? कायद्यात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो. मुख्य निरीक्षकाने एखाद्या भागासाठी दुसरी रात्र लेखी मंजूर केली असेल तरच तो बदलतो. पगाराचा महिना १ तारखेला सुरू होतो म्हणून आठवडा १ तारखेला सुरू होत नाही. हे साधे वाटते, पण पैसे इथेच गळतात. २७ ऑक्टोबरचा रविवार ते २ नोव्हेंबरचा शनिवार हा एकच आठवडा आहे. सुट्टी रद्द होऊन एखाद्याने सातही दिवस एकेक पाळी केली, तर ५६ तास, म्हणजे ओव्हरटाईम ८. पण ऑक्टोबरच्या पगारपत्रकात त्यातले ४० तास आणि नोव्हेंबरच्या पत्रकात १६ तास असे तुकडे पडतात. दोन्हीकडे ४८ ओलांडलेले दिसत नाहीत. म्हणून एका महिन्याचा स्क्रीनशॉट कधीच पुरा नसतो, पुढच्या महिन्याचा पहिला आठवडाही मागून घ्यावा लागतो.

आम्ही ६ ते १२ ऑक्टोबरचा आठवडा सोडवायला घेतला. १२ ला दसरा होता. त्या प्लांटमधला चौथ्या ओळीतला आमचा बांधव नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार L आणि शनिवारी त्याची WO. त्याची B पाळी तीन दिवस कोणीतरी भरायची होती.

आम्हाला प्रश्न विचारणारा दादा सातव्या ओळीत. राहायला पोलादपूरच्या पुढे. रविवारी WO. सोमवार, मंगळवार A. बुधवारी AB. गुरुवारी A. शुक्रवारी AB. शनिवारी A. तास झाले ०, ८, ८, १६, ८, १६, ८, बेरीज ६४. आठवड्याच्या हिशेबाने ४८ च्या वर १६ तास. दिवसाच्या हिशेबाने बुधवारी ७ आणि शुक्रवारी ७, मिळून १४. मोठा आकडा १६, तोच धरायचा.

जेवणाच्या सुट्टीचे काय, असे कोणी विचारेल. खरी सुट्टी मिळाली, माणूस मशीन सोडून मोकळा झाला, तर तो वेळ कामात धरता येत नाही. या प्लांटमध्ये डबा प्रेशर गेजवर नजर ठेवूनच खातात, सोडवायला कोणी येत नाही आणि मस्टरवरही पाळी पूर्ण ८ तासांचीच लिहिली जाते. म्हणून आम्ही ८ धरले. जिथे सुट्टी खरोखर मिळते तिथे ती वजा करावी, नाही तर समोरचा तेवढ्या एका चुकीवर सगळा कागद बाजूला ठेवतो.

आता दर. या दादाचा मूळ पगार ९,६०० आणि विशेष भत्ता ३,४००, मिळून १३,०००. नेहमीच्या दरात मूळ पगाराबरोबर भत्ताही येतो, बोनस येत नाही. महिन्याचे कामाचे दिवस २६, दिवसाला ८ तास, म्हणजे २०८ तास. १३,००० भागिले २०८, तासाला ६२ रुपये ५० पैसे. दुप्पट केली की १२५. सोळा तासांचे २,००० रुपये.

कंत्राटदाराने दिले ६४०. ते कसे आले तेही शोधले, कारण समोरच्याचा हिशेब कळल्याशिवाय आपला हिशेब मांडता येत नाही. त्याने भत्ता सोडून फक्त ९,६०० घेतले, ३० ने भागले, हजेरी ३२० झाली आणि दोन डबलच्या दोन हजेऱ्या दिल्या. म्हणजे तीन ठिकाणी कापले : भत्ता गाळला, सुट्टीचे दिवसही भागाकारात घातले आणि दुप्पट केलेच नाही. तासाला १२५ च्या जागी ४० हातात आले. एका आठवड्यात एका माणसाचे १,३६० रुपये गेले. बुधवारी रात्री ११ ला सुटल्यावर पोलादपूरकडे जायला गाडी नव्हती, म्हणून तो बिरवाडीला ओळखीच्या खोलीवर झोपला आणि सकाळी ७ ला पुन्हा मशीनवर उभा राहिला. त्या रात्रीची किंमत कोणत्याच सूत्रात येत नाही.

अकराव्या ओळीचा माणूस रात्रपाळीचा. त्याची ओळ आम्ही पहिल्यांदा चुकवली. रविवारी WO, सोमवार ते शुक्रवार C आणि शनिवारच्या चौकटीत A/C. दसऱ्याला सकाळी माणूस कमी होता म्हणून शुक्रवारची रात्र संपल्यावर तो तसाच ३ पर्यंत थांबला आणि रात्री ११ ला परत आला. शनिवारची ती रात्र रविवारी सकाळी ७ ला संपली. आमच्यातल्या एकाने मध्यरात्रीला रेघ मारली : ११ ते १२ चा एक तास शनिवारचा, उरलेले ७ तास रविवारचे, म्हणजे पुढच्या आठवड्याचे. तसे केल्यावर या आठवड्याचे तास ४९ झाले आणि ओव्हरटाईम आला एकच तास. पुढच्या आठवड्यात त्याने १४ तारखेची रजा घेतलेली, त्यामुळे तिथे ४० अधिक ७, म्हणजे ४७. तिथेही काही नाही. सात तास हवेत विरले.

कलम ५७ वाचल्यावर चूक कळली. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. म्हणजे शनिवारची C पूर्ण आठ तास शनिवारचीच. हिशेब झाला पाच रात्रींचे ४० आणि शनिवारचे १६, एकूण ५६. ओव्हरटाईम ८ तास, त्याच्या दराने १,००० रुपये. आमच्या चुकीने त्याला १२५ मिळाले असते. त्याच्या भल्यासाठी बसलेल्या आम्हीच त्याचे ८७५ रुपये कापले असते. कंत्राटदाराला शिव्या देताना हे लक्षात ठेवलेले बरे.

यानंतर आम्ही प्रत्येक ओळीचे आकडे काढून त्या त्या माणसाला दाखवायला गेलो. नववी ओळ : सहा दिवस A आणि गुरुवारी AB. हिशेबाने ५६ तास, १,००० रुपये. त्याने कागद पाहिला आणि परत दिला. "मी गुरुवारी थांबलो नव्हतो. ताप होता, ३ ला घरी गेलो. पण ३२० आले पगारात."

आता उभा रकाना बोलायला लागला. गुरुवारी B ला चार माणसे लागतात. नववा गेला तर चौथा कोण? विचारत गेल्यावर कळले, की बाराव्या ओळीतल्या माणसाला आयत्या वेळी थांबवले होते. त्याच्या चौकटीत फक्त A आहे. तक्ता ९ तारखेला सुधारून टाकला होता, १० ला दुपारी काय झाले ते त्यात येणार कुठून? कंत्राटदाराच्या माणसाने तक्ता बघून हजेरी लावली. न थांबलेल्याला ३२० गेले आणि रात्री ११ पर्यंत थांबलेल्याला काहीच नाही. बाराव्याचे त्या आठवड्याचे तास ५६, त्याचे १,००० रुपये बाकी, आणि स्क्रीनशॉटमध्ये त्याचा पत्ता नाही.

इथे आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, तक्ता त्यांचाच आहे, त्यांच्याच कागदाने त्यांना धरू, नवव्याचे १,००० ही मागू. दुसरा म्हणाला, न केलेल्या कामाचे मागितले तर उरलेल्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जाईल. शेवटी नवव्यानेच निकाल लावला. त्याने लिहून दिले, की गुरुवारी मी ३ ला गेलो आणि माझ्या जागी बारावा थांबला. आपल्या हातातले ३२० जातील हे माहीत असताना त्याने सही केली. बाराव्याच्या बाजूने तो सगळ्यात भक्कम कागद ठरला.

यातून कळले, की स्क्रीनशॉट ठरवलेले काम सांगतो, झालेले काम सांगत नाही. त्याला जोड लागते गेटवरच्या नोंदीची, पंचिंगची, मस्टरची आणि यातले काहीच हाती येत नसेल तर कामगाराच्या स्वतःच्या वहीची. आता त्या दादांच्या खिशात छोटी डायरी असते. तारीख, आत गेलो, बाहेर आलो, सोबत कोण होते. चारच गोष्टी, त्याच दिवशी लिहिलेल्या.

कागद घेऊन पाच जण सुपरवायझरकडे गेले तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले असे : "तुमच्याच माणसाला दीक्षाभूमीला जायला रजा दिली. तुम्ही आपसात पाळी सांभाळलीत, मग ओटी कसला?" हे उत्तर आपल्या वर्मावर ठेवलेले आहे. ऐकणाऱ्याला वाटावे की पैसे मागणे म्हणजे नागपूरला गेलेल्या भावाशी बेइमानी. पण चौथ्याने त्याची रजा घेतली, ती त्याच्या खात्यातून गेली. सातव्याने त्या बदल्यात काम सोडले नाही, उलट १६ तास जास्त केले. ते काम कंपनीच्या प्लांटसाठी झाले, चौथ्याच्या घरी झालेले नाही. दुसरे उत्तर : "सोळा तास कायद्यात बसतच नाहीत, म्हणून कागदावर दाखवता येत नाहीत." हे अर्धे खरे आहे. सोळा तास राबवून घेणे बेकायदाच. पण तो गुन्हा राबवणाऱ्याचा. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून राबणाऱ्याची मजुरी बुडत नाही.

पाच जणांनी लेखी मागणी दिली. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी : तारखा, तास, दर, मिळालेले, बाकी. एकत्र बेरीज आम्ही मुद्दाम दिली नाही, कारण एका ओळीत वाद निघाला तर बाकीच्या अडकू नयेत. ऐकले नाही तर वेतन प्रदान अधिनियमाखाली बारा महिन्यांच्या आत दावा करता येईल, हेही चिठ्ठीत लिहिले. तिघांना फरक मिळाला. बाराव्याला एक हजेरी मिळाली, बाकीची अजून नाही. अकराव्याला पुढच्या महिन्यात पंधरा दिवस कामावर बोलावलेच नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. हिशेब बरोबर असला म्हणून माणूस सुरक्षित होत नाही. पाचांऐवजी पंधरा चिठ्ठ्या एकाच दिवशी गेल्या असत्या, तर एकट्या अकराव्याला बाजूला काढणे सोपे गेले नसते.

आता त्या वाक्याकडे येऊ. बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा ५४ तास होती. त्यांच्या काळात आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आणली. फॉरवर्ड होणाऱ्या वाक्यापेक्षा हा तपशील जास्त कामाचा आहे. आमच्या सूत्रातला -48 तिथून येतो. सातव्या ओळीतल्या दादाचे १६ तास त्या आकड्यामुळे सापडले. नुसता दिवस मोजला असता तर १४ च सापडले असते.

हा आकडा आता आणखी जपावा लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. दुप्पट दर तिच्यातही आहे आणि दिवस किंवा आठवडा यातला कामगाराच्या फायद्याचा हिशेब धरावा, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. पण दिवसाची मर्यादा १२ वर गेली तर सूत्रातल्या 9 च्या जागी 12 येईल आणि दिवसाच्या बाजूने सापडणारे तास आटतील. मग हातात उरेल तो आठवडा. तो नीट मोजता आला नाही, मध्यरात्रीला आणि महिनाअखेरीला तुटू दिला, तर तोही जाईल.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. हक्क कागदावर होता आणि तळ्याला आपला हात लागला नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते कागदावरचा हक्क ओंजळीत घ्यायला. कलम ५९ ही महाडमध्ये तसेच पडून होते आणि त्या संहितेतले कलमही तसेच पडून राहील.

येत्या २० मार्चला आमच्या स्टॉलवर पुस्तकांशेजारी एक टेबल जास्त असेल. त्यावर एक वही आणि एक लॅपटॉप. तक्त्याचा फोटो घेऊन या, वरची पट्टी कापून. आणि खिशात डायरी असेल तर तीही आणा.

जय भीम.